शिट्टीनंतरचे पहिले दहा-पंधरा सेकंद

प्रश्न : मी स्थानिक फुटबॉल सामन्यांत नुकताच पंच म्हणून उतरलोय. प्रत्येक निर्णयावर खेळाडू अंगावर धावून येतात. न चिडता त्यांना कसं आवरायचं?

कोल्हापुरात सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो, तिथला अनुभव सांगतो. पेठेची इरेसरी असली की गॅलरीही वाद घालते. पण सामना बिघडतो तो बहुतेक वेळा शिट्टीनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत.

समजा, शेवटची दहा मिनिटं आहेत. बॉक्समध्ये क्रॉस आला आणि बचावपटूच्या पसरलेल्या हाताला चेंडू लागला. शिट्टी एकदाच, पण लांब आणि कडक वाजवा. मिणमिणती शिट्टी वादाला आमंत्रण देते. हात पेनल्टीच्या ठिपक्याकडे करा आणि लगेच गोलरेषेच्या दिशेने, गर्दीपासून बाजूला सरका. चौघं एकदम निघाले तरी तुमच्यापर्यंत एखाद-दुसराच पोचतो. मात्र उलट पावली पळू नका, ते घाबरल्यासारखं दिसतं.

मग कर्णधाराला हाक मारा आणि बाकीच्यांना तळहात दाखवून थांबवा. "सर, हँडबॉल कुठं होता?" असं तो विचारणारच. उत्तर एका दमात द्या : "हात अंगापासून लांब होता, त्यानं चेंडूची वाट अडवली. पेनल्टी." इथं गप्प बसायचं. नवे पंच दुसरं, तिसरं कारण देत बसतात आणि तिथंच अडकतात. खेळाडू त्यातलं सगळ्यात लंगडं कारण बरोबर पकडतो. "माझ्या मते", "बहुतेक" हे शब्दही टाळा. आवाज मात्र नेहमीपेक्षा खालचा ठेवा, म्हणजे ऐकायला त्यालाच गप्प व्हावं लागतं.

पाठ फिरवून पुटपुटणाऱ्याला सोडून द्या. पण टाळ्या वाजवून टर उडवणारा, हातवारे करून गॅलरीला चिथावणारा किंवा सांगूनही पुन्हा पुन्हा येणारा असेल तर पिवळं कार्ड. शिवी किंवा अपमानास्पद भाषा तुम्हाला उद्देशून असेल तर थेट लाल. तिथं ताकीद देत बसायचं नाही. कार्ड दाखवताना दोन-तीन पावलांचं अंतर ठेवा. नाकासमोर कार्ड धरलं की धक्काबुक्की व्हायला वेळ लागत नाही. आधी त्याला एकटं बाजूला घ्या, नंबर लिहा, मग कार्ड वर करा. लिहिण्यात जातो तो वेळ तुमचंही डोकं थंड करतो. त्याला आधीच एक पिवळं मिळालंय का, हेही तेव्हाच वहीत दिसतं.

लाइन्समनने झेंडा वर धरलेला असेल तर कर्णधाराशी बोलण्याआधी त्याच्याकडे जा. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत निर्णय बदलता येतो, नंतर नाही. पण बदलायचा तो लाइन्समनच्या किंवा स्वतःच्या माहितीवर, ओरड्यावर नव्हे. एकदा ओरड्यावर बदललात की उरलेल्या सामन्यात प्रत्येक थ्रो-इनला ओरडा होणार.

लाल कार्ड दिलंत तर अहवालात "शिवीगाळ केली" एवढंच लिहू नका. नेमके शब्द, मिनिट आणि नंबर लिहा, नाहीतर शिस्तपालन समितीपुढे तो खेळाडू सहज सुटतो.