भागायचं कशाने, ४६ ने की ३०.२ ने?

प्रश्न: N₂O₄ ची बाष्पघनता ६०°C ला ३०.२ दिली आहे. मी (४६ − ३०.२) ÷ ४६ केलं, α = ०.३४ आला. पुस्तकात ०.५२ आहे. पुस्तक चुकलंय का?

नाही, भागाकार चुकलाय. समजा सगळा N₂O₄ फुटला आणि नुसता NO₂ उरला. मग बाष्पघनता २३ येईल. तुमच्या रीतीने α येतो (४६ − २३) ÷ ४६ = ०.५, आणि यायला हवा १. मी कुठलंही सूत्र वापरण्याआधी असं टोकाला नेऊन बघतो.

आता १०० मोल N₂O₄ घ्या, म्हणजे ९२०० ग्रॅम. त्यातले ५२ फुटले तर ४८ उरले आणि NO₂ चे १०४ झाले. एकूण १५२ मोल. वजन मात्र तेच ९२०० ग्रॅम, कारण भांड्यातून काही बाहेर गेलेलं नाही. सरासरी रेणूभार ९२०० ÷ १५२ = ६०.५, त्याचा निम्मा ३०.२६. जुळलं. वजन कायम राहून मोल १ + α पट झाले, म्हणून घनता तेवढ्याच पटीने उतरली. न फुटलेल्या N₂O₄ ची घनता D म्हणजे ४६ आणि मोजलेली घनता d म्हणजे ३०.२ धरली, तर १ + α = D/d, म्हणजेच α = (D − d)/d. खाली छोटा d येतो तो यामुळे. एक रेणू फुटून दोनाऐवजी n होत असतील तर छेदात (n − १)d घ्या.

आणि हो, ०.५२ म्हणजे मिश्रणात ५२ टक्के NO₂ असं नव्हे. १५२ पैकी १०४ रेणू NO₂ चे, म्हणजे ६८ टक्के. इथे बरेच जण घसरतात.

उत्तरासोबत दाबही लिहा. वरची मोजणी १ वातावरण दाबाची धरली, तर Kp = ४α²P/(१ − α²) वरून सुमारे १.५ येतो. तापमान तेच ठेवून दाब अर्धा केला की α ०.६५ च्या आसपास जातो आणि घनता २७.८ वर उतरते. म्हणूनच अशा वायूला व्हिक्टर मायरची पद्धत मला पटत नाही. तिथे बाष्प नळीतल्या हवेत मिसळतं, त्याचा स्वतःचा दाब किती हे कळत नाही, मग α नेमका कोणत्या दाबाचा? ड्यूमाच्या फुग्यात हवा हाकलली जाते, फक्त बाष्प उरतं आणि दाब बाहेरच्या हवेइतका असताना तोंड वितळवून बंद करतात. फुगा कुंडात पुरेसा वेळ ठेवा, म्हणजे तापमान सगळीकडे सारखं होतं.

तापमान वाढवत गेलात आणि घनता २३ च्याही खाली आली, तर α एकापेक्षा मोठा निघेल. तेव्हा आकडेमोड पुन्हा तपासत बसू नका. साधारण १५०°C च्या पुढे NO₂ स्वतःच NO आणि O₂ मध्ये फुटू लागतो, आणि एकाच विघटनासाठी मांडलेलं हे सूत्र तिथे लागू पडत नाही. फुगा काचेचा असेल तर नुसत्या डोळ्यांनीही कळतं: आधी गडद होत गेलेला तपकिरी रंग तिथून पुढे फिका पडायला लागतो.