रिजेक्शन नोट लिहिताना 'माल खराब आहे' एवढंच लिहू नकोस

अरे, तुझा ड्राफ्ट बघितला. 'शीट पातळ आहे, बदलून द्या' एवढ्यावर सप्लायर काय हलणार नाही. आकडे टाक. पीओ नंबर, कॉइल नंबर, पीओत जाडी १.२० अधिक-उणे ०.०५ मिमी, म्हणजे किमान १.१५ हवी, आणि ५ कॉइलपैकी ३ मध्ये १.०९ ते १.१२ मिळाली, असं सरळ लिही. मायक्रोमीटरचा कॅलिब्रेशन नंबरपण टाक.

आता खरी गोम. रीडिंग कुठे घेतलं ते लिहायचंच, कारण शीट कडेला पातळच असते आणि सप्लायर पहिलं तेच म्हणतो की तुम्ही कडेला मोजलंत. माझी एक नोट याच्यावरच परत आली होती, तेव्हापासून मी कडेपासून ४० मिमी आत, दोन्ही बाजूंना आणि मध्ये, अशी तीन रीडिंग घेतो, फोटोसकट.

बदलीला 'लवकरात लवकर' लिहू नको रे, तारखा दे: २ दिवसांत उत्तर, ७ दिवसांत नवा माल टेस्ट सर्टिफिकेटसह, १० दिवसांत जुना उचलायचा. तोवर त्या तीन कॉइलला लाल टॅग लावून बाजूला ठेव, एक जरी प्रेसवर चढली की तुम्ही माल स्वीकारला म्हणतील.