स्टेपनी डिकीत आहे, पण चालेल का?

"पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच लांबच्या रोडट्रिपला निघतोय. कागदपत्रं, स्टेपनी, टूल्स, इमर्जन्सीचं सामान यांत काय काय हवं? निघण्याआधी काय तपासायचं?"

कागदपत्रांचं आधी उरकतो. परवाना, गाडीची नोंदणी आणि विमा. विम्याची मुदत परतीच्या तारखेच्या पुढची आहे ना, तेवढं बघा. मोबाईलमध्ये सगळं असलं तरी एक छापील संच डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. ऑइल, कूलंट, दिवे, वायपर हे तुम्ही बघालच.

मला बोलायचंय ते स्टेपनीबद्दल. चार वर्षांपूर्वी मी, बायको, दोन मुलं आणि माझा मोठा भाऊ असे निघालो होतो. आदल्या दिवशी मी स्टेपनी बाहेर काढायला लागलो, तर दादा म्हणाला, "परवाच सर्व्हिसिंग झालंय, स्टेपनी आहे ना आत, मग झालं." मी ऐकलं. रात्री साडेनऊला मागचं डावं चाक बसलं.

जॅक लावण्याआधी नट सैल करायला घेतले, तर एकही हलेना. टायर बदलणारे हवेच्या गनने नट आवळतात, आणि गाडीबरोबर येणारा पाना जेमतेम वीतभर लांब असतो. शेवटी दादा पान्यावर उभा राहिला तेव्हा ते सुटले. मग जॅक मातीत रुतायला लागला, त्याच्याखाली घालायला आमच्याकडे फळी नव्हती. सपाट दगड शोधून कसंबसं चाक चढवलं आणि गाडी खाली घेतली, तर स्टेपनी रिमपर्यंत चपटी. एका ट्रकवाल्याने त्याच्या टाकीतून नळी लावून हवा भरून दिली. आधी गेज लावला तेव्हा आकडा होता 11 पीएसआय. हवी होती 33. कुठे पंक्चर नव्हतं. दोन वर्षं कोणी हातच लावला नव्हता, एवढंच. टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप जाते. सर्व्हिसिंगच्या कागदावर 'टायर प्रेशर'समोर बरोबरची खूण होती, ती चार चाकांची. पाचवं चाक गालिच्याखाली होतं, ते कोणी बघितलंच नाही.

म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, दिवसाउजेडी, दारातच एक चाक काढून स्टेपनी लावून बघा. फक्त गाडीतलीच हत्यारं वापरायची. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि तिरक्या समोरच्या चाकाला दगड. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, मग जॅक. जॅकची जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते, भलतीकडे लावला तर पत्रा दबतो. बसवताना नट एकाआड एक समोरासमोरचे आवळत जायचे, नाहीतर चाक वाकडं बसतं. शेवटचं आवळणं गाडी खाली आल्यावर, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

यातच कळतं, पाना बसतो का, नट सुटतात का, आणि कुलपाचे नट असतील तर त्यांची चावी गाडीत आहे का. ती चावी टायरच्या दुकानात राहून जाते, आणि ती नसेल तर स्टेपनी असून नसल्यासारखी. नट सुटले नाहीत तर लांब दांड्याचा पाना घ्या. सोबत फळीचा तुकडा, डोक्याला बांधायची बॅटरी, परावर्तक त्रिकोण आणि गेज असलेला 12 व्होल्टचा हवेचा पंप. पंप मी आता कधीच काढून ठेवत नाही.

स्टेपनीत हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवा. जास्तीची जागेवर सोडता येते, कमी पडलेली रस्त्यात कुठून आणणार? बारीक चाकाची स्टेपनी असेल तर तिला साधारण 60 पीएसआय लागते आणि बहुतेक वेळा 80 किलोमीटरची वेगमर्यादा असते, दोन्ही आकडे त्या चाकावरच छापलेले असतात. टायरच्या बाजूला चार आकडे दिसतील: 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांच्या पुढची स्टेपनी न वापरलेली असली, नक्षी नवीन दिसली, तरी बदला. रबर नुसतं पडून राहूनही कडक होतं.

दादा अजून म्हणतो, त्या रात्री नशीब वाईट होतं. 11 पीएसआय नशिबाने होत नाही, हे मी त्याला दर दिवाळीत सांगतो.

हो, एक राहिलं. काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच, नुसता सीलंटचा डबा असतो. तो खिळ्याच्या भोकाला चालतो, टायरची बाजू फाटली तर नाही. आणि भरधाव रस्त्याच्या कडेला जागा अरुंद असेल आणि चाक वाहनांच्या बाजूचं असेल, तर बदलायला बसू नका. सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा आणि मदत बोलवा.