लॉगिन झाल्या झाल्या ४०१ आणि उलटसुलट लॉग: सूट वाढवायच्या आधी घड्याळ बघा

प्रश्न: लॉगिन केल्या केल्या काही युजर्सना ४०१ येतो, थोड्या वेळाने तेच टोकन आपोआप चालतं. लॉगमध्ये तर रिक्वेस्ट लॉगिनच्या आधी आल्यासारखी दिसते. सीनियर म्हणतात टोकन तपासताना वेळेत ५ मिनिटांची सूट द्या. देऊ का?

उत्तर:

नका देऊ. निदान ऑथ सर्व्हरचं घड्याळ बघितल्याशिवाय तर अजिबात नको. "थोड्या वेळाने तेच टोकन चालतं" हे तुम्ही जे लिहिलंय ना, त्यातच सगळं आलं. सही चुकीची असेल किंवा युजरला परवानगी नसेल, तर नुसतं थांबून काही सुधारत नाही. तेच टोकन, तोच सर्व्हर आणि मध्ये फक्त काही सेकंद गेले, म्हणजे बदलली ती वेळ. टोकन देणाऱ्या मशीनचं घड्याळ पुढे पळतंय किंवा तपासणाऱ्याचं मागे पडलंय, आणि तपासणाऱ्याच्या हिशेबाने ते टोकन अजून निघालेलंच नाहीये.

आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं आणि सगळं खापर फ्रंटएंडच्या एका नवीन मुलीवर फुटलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. सेंट्रल लॉगमध्ये एका रिक्वेस्टच्या ओळी वेळेनुसार लावल्या की असं दिसायचं:

```
10:42:07.310 api-2  req=7f3a 401 token used before issued
10:42:13.902 auth-1 req=7f3a token issued
```

लीडनी हे बघितलं आणि निकाल दिला, "टोकन यायच्या आधीच कॉल जातोय, तू कुठेतरी await विसरली आहेस." ती बिचारी कोड वाचत बसली. मी म्हटलं, अहो, टोकन यायच्या आधी कॉल गेला असता तर हेडर रिकामा गेला असता आणि टोकनच नाही अशी एरर आली असती. इथं api-2 ला टोकन मिळालंय, त्याने आतला iat, म्हणजे टोकन निघाल्याची वेळ, वाचलाय आणि तो भविष्यातला आहे म्हणून तो नाही म्हणतोय. जे टोकन ७ व्या सेकंदाला api-2 च्या हातात आहे ते १३ व्या सेकंदाला तयार झालं असं होऊच शकत नाही, म्हणजे या दोन ओळी एकाच घड्याळाच्या नाहीत. पण स्क्रीनवर वेळ छापून आली की लोक ती देववाणी मानतात, तीन दशांश स्थळं असली तर जास्तच.

फरक किती आहे हे सर्व्हरवर लॉगिन न करता नुसत्या लॉगवरून काढता येतं, आणि हे सगळ्यांना यायला हवं असं माझं ठाम मत आहे. auth-1 हा api-2 च्या किती पुढे आहे ते शोधायचंय. वरच्या जोडीत टोकन आधी निघालं आणि मग api-2 ला पोचलं हे नक्की, म्हणजे फरक कमीत कमी १३.९०२ वजा ७.३१०, म्हणजे ६.५९२ सेकंद. आता उलट दिशेची जोडी शोधायची, जिथे api-2 ने auth-1 ला काहीतरी विचारलं. आमच्याकडे api-2 अधूनमधून पब्लिक की आणायला auth-1 कडे जायचा. तो कॉल api-2 च्या घड्याळात १०:४२:२०.१०० ला निघाला आणि auth-1 च्या घड्याळात १०:४२:२६.९४० ला पोचला. पाठवणं आधी आणि पोचणं नंतर, म्हणजे फरक जास्तीत जास्त ६.८४० सेकंद. झालं, उत्तर ६.५९२ आणि ६.८४० च्या मध्ये. अशा जोड्या जितक्या जास्त घ्याल तितकी ही फट कमी होत जाते, कारण ज्या कॉलला नेटवर्कमध्ये कमी वेळ लागला तो जास्त घट्ट मर्यादा देतो. तुमच्या लॉगमध्ये दोन्ही दिशांचे कॉल असतील तर दहा मिनिटांचं काम आहे. एकाच दिशेचे असतील तर फक्त एका बाजूची मर्यादा मिळेल, ती पण भांडायला पुरते.

मग auth-1 वर गेलो. systemctl ला विचारलं तर घड्याळ जुळवणारा chronyd मस्त हिरवा, active, running. आमचं मॉनिटरिंग पण एवढंच बघत होतं, प्रोसेस जिवंत आहे का. जिवंत होती. फक्त ती कोणाशी बोलू शकत नव्हती:

```
chronyc sources
chronyc tracking
```

पहिल्या कमांडच्या आउटपुटमध्ये Reach नावाचा कॉलम असतो, बहुतेक लोक त्याकडे बघतच नाहीत. तो आकडा ऑक्टलमध्ये असतो आणि शेवटच्या आठ वेळा सोर्सने उत्तर दिलं की नाही ते सांगतो. ३७७ म्हणजे आठही वेळा दिलं, ० म्हणजे एकदाही नाही. आमच्याकडे सगळ्या सोर्ससमोर ० होता. आणि tracking मध्ये Ref time, म्हणजे शेवटचं खरं मोजमाप कधी झालं ती वेळ, खूप जुनी. फायरवॉलचे नियम आवरताना कोणीतरी त्या सबनेटमधून बाहेर जाणारं युडीपी १२३ बंद केलं होतं. घड्याळ जुळवायचा प्रोटोकॉल एनटीपी तिथूनच चालतो.

इथं एक खाचखळगा आहे. सोर्स गेले तरी chronyd लगेच बोंब मारत नाही. आधी शिकलेला वेग वापरून तो घड्याळ चालवत राहतो, आणि त्याच हार्डवेअरवर असाल तर बरेच दिवस निभावतं सुद्धा. पण आमची व्हर्च्युअल मशीन मधल्या काळात दुसऱ्या होस्टवर हलवली गेली होती, तिथला क्रिस्टल वेगळा, जुना शिकलेला वेग तिथे लागू नाही. साधा क्रिस्टल २० पीपीएमने, म्हणजे दहा लाख सेकंदांत २० सेकंदांनी, चुकत असेल तर दिवसाला साधारण १.७ सेकंद सरकतो, म्हणजे चार दिवसांत आमच्याएवढा फरक पडायला काही विशेष घडावं लागत नाही. म्हणूनच हा बग "डिप्लॉयमेंटनंतर सुरू झाला" असं कधी दिसत नाही, हळूहळू वाढतो, आणि पहिले काही दिवस युजर लॉगिन करून पहिला कॉल जाईपर्यंतच तेवढा वेळ निघून जातो म्हणून कळतच नाही.

पोर्ट उघडल्यावर एक जण लगेच chronyc makestep मारायला निघाला होता, त्याला थांबवलं. त्याने घड्याळ एका झटक्यात पावणेसात सेकंद मागे गेलं असतं आणि auth-1 चे स्वतःचे लॉगसुद्धा उलटे झाले असते, जे तोवर निदान आपापसात तरी ओळीने होते. नेहमीच्या कॉन्फिगमध्ये makestep 1.0 3 असतं, म्हणजे उडी फक्त सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन अपडेटमध्ये, नंतर घड्याळ फक्त हळू किंवा जलद करून जुळवायचं. लिनक्सवर क्रोनीची डीफॉल्ट कमाल गती अशी आहे की एक सेकंद भरून काढायला साधारण १२ सेकंद लागतात, म्हणजे आमचं दीड मिनिटाच्या आत सरळ झालं. तेवढ्या वेळात भिंतीवरच्या घड्याळाने मोजलेले कालावधी थोडे चुकतात, आणि CLOCK_MONOTONIC ने मोजलेलेही, कारण त्याचीही गती तशीच बदलते; ज्यावर याचा परिणाम होत नाही ते CLOCK_MONOTONIC_RAW.

आता तुमच्या सीनियरच्या ५ मिनिटांबद्दल, कारण आमच्या लीडचंही हेच म्हणणं होतं आणि शेवटपर्यंत त्यांना पटलं नाही. त्यांचा मुद्दा असा की जेडब्ल्यूटी टोकनच्या नियमावलीत, आरएफसी ७५१९ मध्येच, थोडी सूट चालते असं लिहिलंय. लिहिलंय की, नाही कोण म्हणतंय. पण बहुतेक लायब्ररीत सूट एकच असते, ती iat ला आणि nbf ला, म्हणजे टोकन कधीपासून चालेल त्या वेळेला, लागते तशीच exp ला, म्हणजे ते संपायच्या वेळेलाही लागते. तुमचं टोकन ५ मिनिटांचं असेल आणि सूट ५ मिनिटांची, तर ते १० मिनिटांचं टोकन झालं, कोणी चोरलं तर चोरालाही १०. आणि एकाच फरकाची दोन लक्षणं असतात. ऑथचं घड्याळ एपीआय सर्व्हरच्या पुढे असेल तर नवीन टोकन नाकारलं जातं आणि लोक ओरडतात, तुम्हाला कळतं. पण त्याच एपीआय सर्व्हरचं घड्याळ ऑथच्या मागे असतं म्हणून संपलेली टोकनही तिथे गुपचूप चालत राहतात, याची तक्रार कोण करणार? सूट वाढवलीत की तुम्ही ओरडणारी बाजू गप्प करता आणि गप्प असलेली बाजू अजून बिघडवता. लॉग तर तसेच उलटे राहतात.

आणि हो, सगळ्या लायब्ररी iat तपासत नाहीत. नियमानुसार अडवायचं काम nbf चं आहे, iat भविष्यातला असला म्हणून नाकारलंच पाहिजे असं नाही. त्यामुळे तेच टोकन एका सर्व्हिसमध्ये चालतं आणि दुसरीत नाही, आणि मग दोन टीम एकमेकींकडे बोट दाखवतात. तुमच्याकडेही "काही युजर्सनाच" येतंय त्यामागे हे असू शकतं, किंवा लोड बॅलन्सरमागच्या एकाच सर्व्हरचं घड्याळ बिघडलेलं असेल. ४०१ सर्व्हरनुसार वेगळे करून बघा.

लॉगच्या क्रमाचं म्हणाल तर घड्याळं दुरुस्त केली तरी वेगवेगळ्या मशीनच्या ओळी वेळेनुसार लावून "आधी काय झालं" हे ठरवू नका. काही मिलिसेकंदांचा फरक राहतोच आणि सर्व्हर एकमेकांना तेवढ्यातच कॉल करतात. लॅम्पोर्टने १९७८ मध्येच दाखवलंय की क्रमासाठी घड्याळ लागत नाही, प्रत्येक मेसेजसोबत एक काउंटर पाठवायचा, घेणाऱ्याने स्वतःचा आणि आलेला यातला मोठा घेऊन एक वाढवायचा, म्हणजे कारण नेहमी परिणामाच्या आधी लागतं. एवढं नको असेल तर रिक्वेस्ट आयडी आणि कोणी कोणाला बोलावलं हे पुढे पाठवत राहा, ट्रेसिंग टूल तेच करतात. आणि ओळ लॉग सर्व्हरवर पोचली ती वेळ वेगळ्या फील्डमध्ये ठेवा. तिच्यावरून क्रम लागणार नाही, कारण ओळी रांगेत अडकून उशिराही येतात, पण एखाद्या मशीनची ओळ स्वतःच्या वेळेच्या आधी पोचलेली दिसली की ते घड्याळ पुढे आहे हे तिथल्या तिथे कळतं.

प्रोमीथियस असेल तर हे लावा:

```
node_time_seconds - timestamp(node_time_seconds)
```

हे प्रोमीथियसच्या स्वतःच्या घड्याळाशी तुलना करतं, त्यामुळे त्याचं घड्याळ आधी नीट हवं, आणि मिलिसेकंदांची अचूकता यातून मिळणार नाही. पुढे किंवा मागे, अर्ध्या सेकंदाच्या वर काही मिनिटं राहिलं की अलार्म, एवढ्याला पुरेसं आहे. कंटेनरमध्ये असाल तर आत एनटीपी चालवू नका, घड्याळ होस्टचंच असतं, तिथेच बघा.

सूट शून्य ठेवा असं मी म्हणत नाहीये, हेही सांगतो. iat सहसा पूर्ण सेकंदात लिहितात, घड्याळं थोडी मागेपुढे असणारच, आणि टोकन देणारा बाहेरचा असेल तर त्याचं घड्याळ तुमच्या हातातच नाही. मी ३० सेकंद ठेवतो. पण टोकन फक्त सूट होती म्हणून पास झालं असेल तर तिथे वॉर्निंग लिहायची, कुठल्या सर्व्हरने दिलं, कुठल्याने तपासलं आणि फरक किती. आमच्या लीडना मी नेमकं हेच मागत होतो, एक if आणि एक लॉगची ओळ, आणि ते "उगाच आवाज वाढेल" म्हणून नको म्हणाले. घड्याळ ठीक असेल तर ती ओळ क्वचितच छापली जाते. ती धडाधड यायला लागली तर युजर ओरडायच्या आधी तुमच्याकडे सर्व्हरचं नाव आलेलं असेल.