नाव एक, बोलणं दोन तऱ्हेचं

ग्राहक आणि कारागीर या दोघांना जोडणाऱ्या सेवेचा ब्रँड घडवताय? मग दोघांसाठी दोन लोगो, दोन रंग हा विचार आधी सोडा. नाव आणि वचन एकच ठेवा. कोणाला कोणती गोष्ट आधी सांगायची, एवढंच बदला. नळदुरुस्तीचं बघा. ग्राहकाला लिहा: 'प्लंबर ४ ते ५ दरम्यान येतील, तपासणीचे १९९ रुपये.' प्लंबरला त्याच कामासाठी: 'कोथरूड, ४ ते ५. तुमच्या हातात १५९, उद्या खात्यात जमा.'

नवीन लोक इथे हमखास चुकतात:

- ग्राहकाला 'कधीही फुकट रद्द करा' सांगतात, पण निघालेल्या प्लंबरच्या पेट्रोलचं काय? ती जाहिरात तोही वाचतो, आणि ग्राहकाच्या दारात तुमचा ब्रँड म्हणून तोच उभा असतो.
- प्लंबरला 'भागीदार' म्हणतात आणि मेसेज दमदाटीचे पाठवतात.

दोन्हीकडचा मजकूर शेजारी ठेवून वाचा. एकाचं वाक्य दुसऱ्याला दाखवायला संकोच वाटला, तर आधी नियम बदला, मग शब्द.