मार्केट यार्डाची पहाट आणि आठवडे बाजाराची संध्याकाळ

प्रश्न: पुण्यात आम्ही चार कुटुंबे मिळून आठवड्याची भाजी एकदम घ्यायचे ठरवत आहोत. मार्केट यार्ड परवडेल की आठवडे बाजार? आणि किती वाजता जावे?

कांदा, बटाटा आणि टोमॅटो यार्डातून घ्यावेत आणि पालेभाजी आठवडे बाजारातून घ्यावी, असे मी सुचवेन. अनेक वर्षे खाणावळीसाठी मी दोन्हीकडून खरेदी केली आहे आणि सगळा माल एकाच ठिकाणाहून घेण्याच्या हट्टापायी सुरुवातीला बरीच भाजी फेकून दिली आहे.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मालाच्या गाड्या रात्रीच येऊ लागतात आणि खरी घाऊक विक्री पहाटे होते. शहरभरचे किरकोळ विक्रेते उजाडण्याच्या सुमारास माल भरून बाहेर पडतात, त्यामुळे निवडक माल त्यांच्याबरोबरच निघून जातो. साडेआठ-नऊला पोहोचणाऱ्याला गाळ्यावरचा उरलेला माल मिळतो, किंवा आडत्याकडून घेतलेला माल तिथेच पाच-दहा किलोंनी विकणाऱ्यांकडून वाढीव भावाने घ्यावा लागतो. चार कुटुंबांसाठी पहाटे साडेपाच ते साडेसहा ही वेळ मला योग्य वाटते, कारण तोवर मोठ्या खरेदीदारांची घाई ओसरलेली असते आणि आडते एखाद्या क्रेटसाठीही बोलायला तयार होतात. शनिवारी फळे-भाजीपाला विभागाला सुट्टी असते, म्हणून शनिवारी गल्लीत मिळणारी भाजी बहुधा आदल्या दिवशीची असते. रविवारी आवक सर्वाधिक असते आणि निवडीला वाव मिळतो, मात्र गर्दीही तेवढीच असते. (मंडईला अनेकजण घाऊक बाजार समजतात, पण महात्मा फुले मंडईत आज मुख्यतः किरकोळ विक्री चालते.)

यार्डातला भाव ऐकताना तो कशाचा आहे हे आधी विचारावे. फळभाजीचा भाव दहा किलोंचा सांगतात आणि पालेभाजीचा शेकड्याचा, म्हणजे शंभर जुड्यांचा. शिवाय २०१६ पासून भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतली जाते, त्यामुळे सांगितलेला भाव म्हणजे हातात पडणारी किंमत नव्हे.

समजा, टोमॅटोचा भाव दहा किलोंना २०० रुपये आहे आणि तुम्ही वीस किलोंचे एक क्रेट घेतले. त्याचे ४०० रुपये झाले आणि अडत, हमाली मिळून आणखी ४० धरले. घरी निवडल्यावर दोन किलो मऊ किंवा फुटलेले निघाले, तर अठरा किलोंना ४४० रुपये पडले, म्हणजे किलोला साधारण साडेचोवीस. आता रिक्षाचे ३०० रुपये एकट्या या क्रेटवर पडले, तर हाच टोमॅटो ४१ रुपयांना जातो आणि कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून घेतलेला बरा म्हणायची वेळ येते. त्याच फेरीत कांद्याची पन्नास किलोंची गोणी आणली, तर भाडे विभागले जाऊन टोमॅटो तिशीच्या आत बसतो. म्हणून यार्डाची फेरी दर आठवड्याला न करता टिकाऊ मालासाठी दोन-तीन आठवड्यांतून एकदा करावी, आणि टोमॅटो घ्यायचे झाल्यास अर्धे कच्चे, अर्धे पिकलेले निवडून घ्यावेत.

पालेभाजीचे गणित वेगळे आहे. रात्री गाडीत दाबून भरलेली मेथी आणि कोथिंबीर आतून तापते. वरच्या जुड्या हिरव्यागार दिसल्या तरी ढिगाच्या मधोमध हात घालून पाहावे. ऊब लागली तर आतली पाने पिवळी पडू लागली आहेत असे समजावे आणि भाव कितीही कमी असला तरी ती घेऊ नये. पावसाळ्यात तर हे हमखास घडते, कारण ओल्या जुड्या बांधूनच निघालेल्या असतात. जुडी झटकून पाणी गळाले, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही.

हीच भाजी आठवडे बाजारात, विशेषतः शेतकरी स्वतः विकायला बसतो तिथे, अनेकदा त्याच सकाळी काढलेली मिळते. हे बाजार बहुतेक ठिकाणी दुपारनंतर भरतात आणि दिवे लागल्यावर गजबजतात. माल मांडून होताच पहिल्या तासाभरात जाऊन पालेभाजी, गवार आणि भेंडी घ्यावी, आणि "कधी काढली?" हे थेट विचारावे. स्वतः पिकवणारा वेळ आणि गावही सहज सांगतो. उत्तर मोघम आले, तर तो माल यार्डातूनच आणलेला असण्याची शक्यता धरावी.

शेवटच्या अर्ध्या तासात भाव उतरतात, कारण उरलेला माल परत नेणे विक्रेत्याला परवडत नाही. त्या वेळी कोबी, दुधी आणि लाल भोपळा खुशाल घ्यावा. उन्हात आणि हाताळणीत दमलेली मेथी मात्र निम्म्या भावातही महागच पडते. आमच्या खाणावळीत अशा वीस जुड्या निवडल्यावर जेमतेम अकरा जुड्यांचा पाला हाती लागला होता, आणि निवडायला गेलेला वेळ वेगळाच.