अंगाई ऐकून बाळ अधिकच जागं होतं तेव्हा

'आमची मुलगी पाच आठवड्यांची आहे. मी मराठी, बायको बंगाली. संध्याकाळी मोबाइलवर मराठी, बंगाली, जर्मन, जपानी अशा अंगाया लावतो, पण झोपण्याऐवजी ती डोळे टक्क उघडून बघते. इतक्या भाषांनी तिचा गोंधळ होतोय का? शिवाय आई म्हणते, उदास चालीचं काही लावू नका. ते खरं का?'

भाषेमुळे गोंधळ होत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० साली तान्ह्या मुलांना अनोळखी परक्या भाषांतली गाणी ऐकवली, तेव्हा इतर गाण्यांपेक्षा अंगाई चालू असताना त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक मंदावले. त्यामुळे भाषांचा विचार बाजूला ठेवून या जोडप्याला आपल्या यादीतल्या प्रत्येक गाण्याचे ठोके मोजायला सांगितलं. गाण्यावर आपसूक बोट टेकतं तितके ठोके पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचे. जर्मन अंगाई मिनिटाला ७२ निघाली, पुढचं बंगाली गाणं तबल्याच्या ठेक्यासह ११२, आणि जपानी पुन्हा ६०. दोन गाण्यांमध्ये काही क्षण शांतता. मुलगी नेमकी त्याच जागी डोळे उघडत होती. एकसारख्या आवाजाकडे तान्हं बाळ हळूहळू दुर्लक्ष करायला लागतं, बदल झाला की पुन्हा लक्ष देतं. म्हणजे दर तीन मिनिटांनी तिला कुणीतरी उठवतच होतं.

यादी बंद झाली. दोघांनी एकेक गाणं निवडलं, पण एका संध्याकाळी एकच, आणि तेही स्वतःच्या तोंडाने. आईचा आवाज बाळ पोटात असल्यापासून ओळखतं, त्यामुळे गाता गळा नसला तरी अडत नाही. अडतं ते सुरुवातीच्या सुराशी. जर्मन संगीतकार ब्राम्सची १८६८ सालची प्रसिद्ध अंगाई घ्या: तिच्या उत्तरार्धात चाल एकदम पूर्ण सप्तक वर उडी मारते. पहिली ओळ उंच धरली असेल तर तिथे आवाज फाटतो आणि बाळ दचकतं. कोणत्याही गाण्यातला सर्वांत वरचा सूर आधी गुणगुणून बघावा. तो कुजबुजीइतक्या हळू आवाजात निघाला नाही, तर सगळं गाणं दोन-तीन सुरांनी खाली आणावं, किंवा ती ओळ खुशाल गाळावी.

लयीचं मात्र नीट सांगायला हवं. रडणाऱ्या बाळासमोर थेट ६० च्या लयीत सुरू केलं तर ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वडिलांनी ९०च्या आसपास, थोड्या भरीव आवाजात सुरुवात केली आणि दर आवर्तनाला किंचित संथ करत आठ-दहा मिनिटांत ६० ते ६५ वर आणलं. झोका लयीशी बांधलेला हवा: तीन मात्रांच्या चालीत तीन मात्रांना एक झोका, चारच्या चालीत दोन मात्रांना एक. हात आणि गळा वेगवेगळ्या लयीत गेले की बाळ अस्वस्थ होतं. डोळे जड झाल्यावर शब्द सोडून नुसते 'जो जो' किंवा तमिळ 'आरारो'सारखे लांब स्वर, आणि शेवटी मिटल्या ओठांनी गुणगुण. 'स', 'श' कानाशी टोचतात, म्हणून हे शेवटचे टप्पे बिनशब्दांचे बरे.

पहिल्या दोन दिवशी डोळे मिटताच तिला खाली ठेवलं आणि ती उठली. नवजात बाळाची झोप बहुधा हलक्या टप्प्याने सुरू होते: पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, श्वास कमीजास्त होतो. हा टप्पा साधारण वीस मिनिटांचा असू शकतो. हात उचलून सोडल्यावर तो सैल पडला आणि श्वास एकसारखा झाला, की मग ठेवायचं, पाठीवरच. ठेवताना गुणगुण चालू ठेवून नंतर दोनेक मिनिटांत विरवत न्यायची. एकदम थांबणं हाही बदलच.

आजींच्या शंकेबद्दल. जपानची एदो अंगाई गुणकली रागाच्या सुरांजवळची आहे, म्हणून ती मोठ्यांच्या कानाला उदास लागते. सुरांचा असा अर्थ लावणं आपण नंतर शिकतो. पाच आठवड्यांच्या बाळाला आवाजाचा मऊपणा आणि खाली उतरणारी चाल पुरते. गाणाऱ्यालाच ती चाल जड वाटत असेल, तर मात्र सोडावी, कारण ताण आवाजात आणि हातांत उतरतो.

रेकॉर्डिंग लावायचंच असेल, तर एकच गाणं, वाद्यांचा ठेका नसलेलं, पुन्हा पुन्हा. मोबाइल पाळण्यापासून दोन मीटर दूर आणि आवाज साध्या बोलण्यापेक्षा कमी.

दोन आठवड्यांनी ती बहुतेक संध्याकाळी झोपायला लागली, सगळ्या नाही. भुकेच्या रडण्यावर अंगाई चालत नाही. हात तोंडाशी नेऊन चोखत असेल तर आधी दूध. रडणं नेहमीपेक्षा वेगळं आणि न थांबणारं असेल, किंवा अंगाला ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप असेल, तर गाणं थांबवून लगेच डॉक्टरांकडे न्यावं. मोठ्या आवाजानेही बाळ कधीच दचकत नसेल, तर कानांची तपासणी करून घ्यावी.